क्विंटलला किती कमी? शंभराजवळचे गुणाकार तोंडी करण्याची रीत

हर्रास संपला आणि तुरीला क्विंटलमागे ९,६०० रुपये भाव लागला, असं धरा. काट्यावर पोतं ९८ किलो दाखवतं. बारदान्याचा एक किलो वजा केला की माल राहतो ९७ किलो. मापारी पुढच्या पोत्याकडे वळलेला असतो. पट्टी हातात यायला अजून वेळ आहे, मोबाइल खिशात आहे आणि दोन्ही हात तुरीच्या भुशाने भरलेले आहेत. या एका पोत्याचे किती रुपये झाले?

भाव किलोला ९६ रुपये पडला, म्हणजे प्रश्न ९७ × ९६ एवढाच आहे. शाळेत शिकवलेल्या रीतीने आधी ९७ ला ६ ने गुणायचं, ते ५८२. मग ९ ने गुणायचं, ते ८७३. ते एक घर डावीकडे सरकवून खाली मांडायचं आणि बेरीज करायची. कागदावर यात काही अवघड नाही. डोक्यात मात्र ५८२ धरून ठेवायचे, ८७३ काढायचे, हातचे विसरायचे नाहीत आणि घर सरकवायचंही लक्षात ठेवायचं, इतकं एकाच वेळी बहुतेकांना जमत नाही. ही रीत कागदासाठीच बनलेली आहे. तोंडी हिशोबाला वेगळी रीत लागते, आणि आपल्या बाजारात माल क्विंटलने, म्हणजे शंभर किलोने मोजतात, त्यामुळे ती आपल्याला जरा जास्तच सोयीची पडते.

आधी एवढं पक्कं करा

दहापर्यंतचे पाढे यायला हवेत. कुठला आकडा शंभराला किती कमी पडतो, हेही न थांबता सांगता आलं पाहिजे. ९७ ला ३ कमी आणि ९६ ला ४ कमी हे दिसतंच. अडतो माणूस ८७ किंवा ७८ पाशी. तिथे एक सोपी युक्ती आहे. डावीकडच्या अंकाला नऊ व्हायला किती लागतात ते पाहा आणि उजवीकडच्याला दहा व्हायला किती लागतात ते पाहा. ८७ मध्ये आठाला नऊ व्हायला एक आणि साताला दहा व्हायला तीन, म्हणून तूट १३. ७८ मध्ये दोन आणि दोन, म्हणून २२. शेवटी शून्य असेल तर युक्तीची गरजच नाही, ८० ला २० कमी हे कुणीही सांगतं.

याच्या सरावासाठी वही लागत नाही. फाट्यावर एसटीची वाट पाहत उभे असाल तर समोरून जाणाऱ्या गाड्यांच्या नंबरातले शेवटचे दोन अंक घ्या आणि शंभराला किती कमी ते मनात म्हणा. पुढची गाडी येण्याआधी उत्तर यायला लागलं की पुढे चला. ही पायरी कच्ची राहिली तर पुढचं सगळं अडखळतं. ‘मला नाही जमत’ म्हणून सोडून देणारी बरीच मुलं खरं तर इथेच अडकलेली असतात.

मूळ रीत

आता ९७ × ९६.

दोन्ही तुटी काढा: ३ आणि ४.

एका आकड्यातून दुसऱ्याची तूट वजा करा. ९७ − ४ = ९३. उलट केलं, ९६ − ३, तरी ९३ च येतात. हे उत्तराचे शेकडे झाले.

दोन्ही तुटींचा गुणाकार करा. तीन चोक बारा. हे शेकड्याच्या खालचे दोन आकडे.

उत्तर त्र्याण्णवशे बारा, म्हणजे ९,३१२ रुपये.

डोक्यात एका वेळी धरायचे आकडे दोनच, ९३ आणि १२, आणि दोन्ही छोटे. बाजारात भावही आपण शेकड्यातच बोलतो, पंच्याहत्तरशे, शहाण्णवशे असे. त्यामुळे उत्तर तोंडातून आपसूक निघतं, मनात वेगळं मांडावं लागत नाही.

वेगळे आकडे घेऊन पाहा. ९४ × ९२: तुटी ६ आणि ८. ९४ − ८ = ८६. सहा आठे अठ्ठेचाळीस. उत्तर ८,६४८. आणखी एक, ९१ × ९५: तुटी ९ आणि ५. ९१ − ५ = ८६, नऊ पाचे पंचेचाळीस. उत्तर ८,६४५.

असं का होतं

रीत नुसती पाठ केली तर चार दिवसांत विसरते, आणि विसरली नाही तरी कुठे वजा करायचं आणि कुठे मिळवायचं यात घोळ होतो. म्हणून ती एकदा मालावर लावून समजून घ्या.

तुमचं पोतं पुरं १०० किलो भरलं असतं आणि भावही किलोला पुरे १०० रुपये लागला असता, तर १०,००० रुपये झाले असते. पण माल ३ किलो कमी भरला. शंभराच्या भावाने त्या ३ किलोंचे ३०० रुपये कापा. भावही ४ रुपये कमी लागला. पुऱ्या १०० किलोंवर त्याचे ४०० रुपये कापा. राहिले ९,३००.

इथे तुमच्यावर थोडा अन्याय झाला आहे. जे ३ किलो पोत्यात नव्हतेच, त्यांचे पैसे तुम्ही पहिल्या कापणीत पुरे १०० च्या भावाने सोडून दिले. मग दुसऱ्या कापणीत, भाव ४ रुपये कमी म्हणून, त्याच नसलेल्या ३ किलोंवर पुन्हा चार-चार रुपये कापले. हे ३ × ४ = १२ रुपये दोनदा गेले. ते परत घ्या. ९,३१२.

रीतीतला ९३ म्हणजे १०० मधून ३ आणि ४ दोन्ही वजा केलेले, आणि १२ म्हणजे दोनदा कापलेले परत मिळाले ते. बीजगणितात हेच असं लिहितात:

```
(100 − a)(100 − b) = 100 × (100 − a − b) + a × b
```

ज्याला बीजगणित नको त्याने पोतं आणि भाव डोळ्यांसमोर ठेवावा. माझ्या मते तोच मार्ग चांगला, कारण पुढे चिन्हांचा घोळ झाला तरी ‘हे पैसे मी जास्त धरले की कमी?’ एवढं विचारलं की वाट सापडते.

आमच्याकडे एक म्हातारे काकाजी आहेत. शाळा त्यांची फारशी झाली नाही, पण पट्टीतली चूक त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्यांना विचारलं तर ते म्हणतात, “पयले पुऱ्या क्विंटलचे पैसे धर, मंग जेवढं कमी हाय तेवढं काप.” त्यांची रीत हीच आहे, फक्त परत घ्यायचे १२ रुपये ते वेगळे सांगत नाहीत, कारण ते शहाण्णवशेतून थेट ३ किलोंचे २८८ रुपये वजा करतात. ९,६०० − २८८ = ९,३१२. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात. ३ × ९६ करायला हरकत नसेल तर काकाजींची रीतही चांगलीच आहे. १२ × ८७ करायची वेळ आली की मात्र आपली रीत हलकी पडते.

क्लासवाले या युक्त्या ‘वैदिक गणित’ म्हणून शिकवतात आणि वरच्या रीतीला ‘निखिलम्’ म्हणतात. हे नाव पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांच्या १९६५ साली छापलेल्या पुस्तकामुळे रूढ झालं. त्यातली सूत्रं वेदांत सापडत नाहीत, हे अभ्यासकांनी वेळोवेळी दाखवून दिलं आहे. युक्त्या बरोबर आहेत त्या बीजगणितामुळे, त्यामुळे नावावरून वाद घालत बसण्यापेक्षा हिशोब करावा.

तीन ठिकाणी पाय घसरतो

पहिली जागा. ९८ × ९७ करा. तुटी २ आणि ३. ९८ − ३ = ९५. दोन त्रिक सहा. घाईत माणूस म्हणतो नऊशे छप्पन्न. चूक. शेकड्याखाली नेहमी दोन घरं असतात, म्हणून ६ हे ०६ लिहायचे. उत्तर पंच्याण्णवशे सहा, ९,५०६. उत्तर शेकड्यात बोलायची सवय असेल तर ही चूक होतच नाही, ती अंक शेजारी शेजारी ठेवणाऱ्यांची होते.

दुसरी जागा. ८८ × ८७. तुटी १२ आणि १३. ८८ − १३ = ७५. बारा तेरा गुणले की १५६. आता ७५ पुढे १५६ चिकटवून ७५,१५६ लिहायचे नाहीत. खालच्या दोन घरांत ५६ च बसतात, वरचा १ शेकडा ७५ मध्ये मिळवायचा. ७६ शेकडे ५६, म्हणजे ७,६५६. सरळ बेरीज म्हणून पाहिलं तर ७,५०० + १५६, दुसरं काही नाही.

तिसरी जागा जास्त घात करते. एक आकडा शंभराच्या वर आणि दुसरा खाली असला की ती येते. त्याआधी दोन्ही वर असले तर काय ते पाहून घेऊ. १०३ किलो माल आणि १०४ भाव. इथे तूट नाही, वाढ आहे, ३ आणि ४. म्हणून वजा करायचं नाही, मिळवायचं. १०३ + ४ = १०७ शेकडे, आणि बारा. १०,७१२. इथे बारा का मिळवायचे तेही उघड आहे: जास्तीच्या ३ किलोंना जास्तीचे ४ रुपये मिळाले, ते अजून धरायचे राहिले होते.

आता माल १०३ किलो आणि भाव ९६. एक वाढ ३, एक तूट ४. १०३ − ४ = ९९ शेकडे. इथवर बरोबर. पुढे बारा मिळवून ९,९१२ लिहिणारे पुष्कळ भेटतील. पण माल पाहा. जास्तीचे ३ किलो आपण १०० च्या भावाने धरले होते, प्रत्यक्षात ते ९६ नेच जाणार. म्हणजे प्रत्येक किलोमागे ४ रुपये जास्त धरले गेले, ते बारा रुपये आता सोडायचे. ९,९०० − १२ = ९,८८८.

नियमाने सांगायचं तर दोन्ही आकडे शंभराच्या एकाच बाजूला असले की शेवटचा गुणाकार मिळवायचा, दोन बाजूंना असले की वजा करायचा.

ताळा कसा पाहायचा, आणि तो कुठे फसवतो

जुन्या शिक्षकांनी शिकवलेला नवाचा ताळा अजूनही उपयोगी आहे. आकड्यातले अंक मिळवत जा, एकच अंक उरेपर्यंत. ९७ चे ९ + ७ = १६, १ + ६ = ७. ९६ चे १५, म्हणजे ६. सात सक बेचाळीस, ४ + २ = ६. आता उत्तर ९,३१२: ९ + ३ + १ + २ = १५, म्हणजे ६. दोन्हीकडे सहा आले, ताळा जुळला.

चिन्हाची चूक हा ताळा लगेच पकडतो. १०३ चे ४ आणि ९६ चे ६, चार सक चोवीस, म्हणजे ६. चुकीच्या ९,९१२ चे २१, म्हणजे ३. जुळलं नाही. बरोबरच्या ९,८८८ चे ३३, म्हणजे ६. जुळलं.

पण वरच्या पहिल्या दोन चुका मात्र हा ताळा पकडत नाही. ९५६ आणि ९,५०६, दोघांच्या अंकांची बेरीज २० च, कारण शून्य असलं काय नि नसलं काय, बेरजेत फरक पडत नाही. ७५,१५६ आणि ७,६५६ यांचंही तसंच, दोघांची बेरीज २४. अंक चुकीच्या घरात गेला की नवाच्या ताळ्याला ते कळत नाही. आपल्या या रीतीत नेमक्या त्याच चुका जास्त होतात.

त्यासाठी ताळ्याआधी अंदाज घ्यायचा. ९८ × ९७ हे दहा हजारांपेक्षा थोडेच कमी असणार, मग ९५६ कसे होतील? ८८ × ८७ हे ९० × ९० च्या, म्हणजे ८,१०० च्या आत असायला हवेत, मग पंच्याहत्तर हजार कुठून आले? अंदाजाने उत्तराचा आकार कळतो आणि ताळ्याने अंक कळतात. भरतीच्या पेपरात चार पर्याय दिलेले असतात तिथे या दोघांच्या जोडीने पुष्कळदा गुणाकार न करताच उत्तर सापडतं. पर्याय एकमेकांच्या फार जवळ असतील तर शेवटचा अंकही पाहा. ९७ × ९६ चा शेवट ७ × ६ च्या शेवटासारखा, म्हणजे २ च असला पाहिजे.

पाचाने संपणाऱ्या आकड्याचा वर्ग

ही युक्ती सगळ्यांत सोपी, म्हणून बरेच जण इथूनच सुरुवात करतात. कापसाचा भाव क्विंटलला ७,५०० आणि तुमच्या गाठोड्यांत ७५ किलो कापूस. म्हणजे ७५ × ७५.

पाच सोडून राहिलेला आकडा घ्या, ७. त्याला त्याच्या पुढच्या आकड्याने गुणा. सात आठे छप्पन्न. पुढे २५ लावा. ५,६२५ रुपये.

३५ चा वर्ग: तीन चोक बारा, १,२२५. ४५ चा: चार पाचे वीस, २,०२५. ६५ चा: सहा साते बेचाळीस, ४,२२५. तीन अंकी आकड्यालाही चालतं. ११५ मध्ये पाच सोडून ११ राहतात, ११ × १२ = १३२, म्हणून १३,२२५. इथे दोन घरांचा गोंधळ नाही, कारण शेवटी नेहमी २५ च येतात.

कारण समजायला चौरस वावर घ्या, ७५ फूट बाय ७५ फूट. उजव्या धुऱ्यालगतची ५ फूट रुंदीची पट्टी मोकळी करा. डावीकडे राहिलं ७० रुंद आणि ७५ लांब. काढलेली पट्टी ५ रुंद आणि ७५ लांब आहे. तिच्यातला ७० फुटांचा तुकडा आडवा करून डावीकडच्या वावराच्या माथ्यावर ठेवला तर ते ७० रुंद आणि ८० लांब झालं. उरला ५ बाय ५ चा कोपरा. ७० × ८० = ५,६०० आणि कोपऱ्याचे २५. कागदाचा चौरस कापून मुलांना हे एकदा दाखवलं की ते पुढे विसरत नाहीत.

हेच थोडं ताणता येतं. दोन आकड्यांचा दशक एकच आणि एककांची बेरीज दहा असली तरी ही रीत चालते. ७४ × ७६: सात आठे छप्पन्न, आणि चार सक चोवीस. ५,६२४. ७२ × ७८: छप्पन्न, आणि दोन आठे सोळा. ५,६१६. इथे मात्र दोन घरांचा नियम परत येतो. ७१ × ७९ मध्ये एककांचा गुणाकार ९, म्हणून ०९ लिहायचे, ५,६०९.

आणि दोन्ही पाचाने संपतात पण त्यांच्यात दहाचा फरक आहे, म्हणजे ६५ किलो कापूस ७५ च्या भावाने, असं असेल तर? मधला आकडा घ्या, ७०. त्याचा वर्ग ४,९००. त्यातून २५ वजा. ४,८७५. दहाच्या फरकाच्या अशा कुठल्याही जोडीला हे चालतं.

शेततळ्याचं माप सांगताना लोक १५ बाय १५, २५ बाय २५ मीटर असं बोलतात. तिथे वरचं क्षेत्रफळ या रीतीने पटकन निघतं, २२५ आणि ६२५ चौरस मीटर. पण त्याला सरळ खोलीने गुणून पाणी किती मावेल ते काढू नका. तळ्याच्या बाजू उतरत्या असतात, तळाचं माप वरच्यापेक्षा बरंच लहान असतं, म्हणून उत्तर फुगीर येतं.

शंभराच्या जवळ नसेल तर

या रीतीला मर्यादा आहेत आणि त्या ओळखणं शिकण्याचाच भाग आहे. दोन्ही तुटी विसाच्या आत असतील तर रीत हलकी जाते. ६४ × ५७ ला ती लावली तर तुटी ३६ आणि ४३ येतात, आणि त्यांचा गुणाकार मूळ प्रश्नाइतकाच जड होतो. तिथे ती सोडून द्या.

एकच आकडा शंभराजवळ असेल तर काकाजींची रीत वापरा. ९७ × ४३ म्हणजे ४,३०० मधून तीन त्रेचाळीस, १२९, वजा. ४,१७१. भाव आडनिडा असला तरी हेच. ६,८४५ च्या भावाने ९७ किलो म्हणजे पुऱ्या क्विंटलचे ६,८४५, त्यातून ३ किलोंचे कापायचे. एका किलोचे ६८ रुपये ४५ पैसे, तिनाचे २०५ रुपये ३५ पैसे. राहिले ६,६३९ रुपये ६५ पैसे.

भाव ९,६५० लागला, म्हणजे किलोला साडेशहाण्णव, तर साडेतीनच्या तुटीशी झुंजत बसू नका. ९६ चे ९,३१२ काढलेले आहेतच, त्यात ९७ किलोंचे अर्धे रुपये, साडेअठ्ठेचाळीस, मिळवा. ९,३६० रुपये ५० पैसे.

सोयाबीनचे कट्टे क्विंटलपेक्षा लहान असतात, तिथे शंभराऐवजी पन्नास धरा. ४७ किलो आणि भाव ४८. पन्नासाला तुटी ३ आणि २. ४७ − २ = ४५. पण हे आता शेकडे नाहीत, पन्नासे आहेत, म्हणून पंचेचाळीस पन्नासे २,२५०. त्यात तीन दुणे सहा मिळवा. २,२५६. पन्नासाने गुणणं जड वाटलं तर ४५ ची निमपट साडेबावीस, तेवढे शेकडे. निमकी पाठ असलेल्या जुन्या माणसांना हे सांगावंच लागत नाही.

एक पूर्ण पट्टी

तुरीची तीन पोती, भाव ९,६००. बारदाना वजा जाता वजनं ९७, ९८ आणि ९६ किलो.

पहिलं आपण काढलं आहे, ९,३१२. दुसरं ९८ × ९६: तुटी २ आणि ४, ९८ − ४ = ९४, आणि ०८. ९,४०८. तिसरं ९६ × ९६: दोन्ही तुटी ४, ९६ − ४ = ९२, आणि सोळा. ९,२१६.

बेरीज करताना शेकडे आणि सुटे वेगळे ठेवा. ९३ + ९४ + ९२ = २७९ शेकडे. १२ + ८ + १६ = ३६. एकूण २७,९३६ रुपये.

आता उलट्या वाटेने तपासा. एकूण वजन २९१ किलो, म्हणजे तीन क्विंटलला ९ कमी. तीन क्विंटलचे २८,८००. नऊ किलोंचे नऊ गुणिले ९६, म्हणजे ८६४. वजा केले की २७,९३६. जुळलं. पट्टीवर यापेक्षा कमी आकडा दिसला तर आधी वजनाचा रकाना पाहा, मग हमाली-तोलाईच्या कपाती पाहा. त्या कपातींच्या आधीची एकूण रक्कम याच आकड्याशी जुळायला हवी. नाही जुळली तर तिथल्या तिथे विचारा, कारण माल गोदामात गेला की वजनावर बोलणं अवघड होतं.

सरावासाठी

खालची गणितं कागद न घेता करा. आधी अंदाज, मग उत्तर, मग ताळा, या क्रमाने.

९९ × ९३, ९२ × ८९, १०६ × १०२, १०५ × ९८, ८५ × ८५, ५३ × ५७, ९५ × ८५.

उत्तरं अशी: ९,२०७; ८,१८८; १०,८१२; १०,२९०; ७,२२५; ३,०२१; ८,०७५. यातलं चौथं चुकलं आणि १०,३१० आलं असेल, तर तिसऱ्या घसरणीच्या जागेवर परत जा. पाच किलो जास्तीचे, भाव दोन रुपये कमी, दहा रुपये सोडायचे राहिले होते.